टेक-होम असाइनमेंट पाठवतानाच्या मेलमध्ये गृहीतकं किती आणि कशी लिहायची?

कोरीपाटी

मंडळी, डेटा ॲनालिस्टच्या एका जागेसाठी घरी करायची असाइनमेंट मिळाली आहे. उद्या रात्री ११.५९ पर्यंत पाठवायची आहे. काम झालंय, पण मेलवर गाडी अडली आहे.

एका ऑनलाइन दुकानाची वर्षभराची ऑर्डरची फाईल आहे, १ जानेवारी ते ३१ डिसेंबर. फाईलमध्ये १८,२४० ओळी आहेत. प्रश्न एकच: पहिल्या ऑर्डरनंतर ९० दिवसांत किती टक्के ग्राहक पुन्हा ऑर्डर करतात? शेवटी सूचना आहे की "पद्धत आणि गृहीतकं मेलमध्ये थोडक्यात लिहा."

मी लिहिलेला मेल दीड पानाचा झालाय. खरा मेल इंग्रजीत जाईल, इथे मराठीत सारांश टाकते.

> आदरणीय महोदय/महोदया, ही संधी दिल्याबद्दल मनःपूर्वक आभार. मला हे काम करताना खूप शिकायला मिळालं. वेळेअभावी काही गोष्टी राहून गेल्या असतील तर क्षमस्व. मी पायथन वापरून आधी डेटा स्वच्छ केला, मग विश्लेषण केलं. माझी गृहीतकं पुढीलप्रमाणे:

त्याखाली १४ गृहीतकं आहेत. तारखांचा साचा एकच आहे, रक्कम एकाच चलनात आहे, दुबार ओळी काढल्या, ग्राहक क्रमांक रिकामा असलेल्या ऑर्डर वगळल्या, नवव्या क्रमांकावर "शेवटच्या ९० दिवसांत पहिल्यांदा आलेले ग्राहक धरले नाहीत", वगैरे. उत्तर २८ टक्के आलंय, ते जोडलेल्या पीडीएफमध्ये चौथ्या पानावर आहे.

१४ मधली कुठली काढू? की सगळी ठेवू? कमी लिहिली तर विचारच केला नाही असं वाटेल अशी भीती वाटते.

---

शाळामास्तर

असाइनमेंट पाठवताना पहिलं पान महत्त्वाचं. त्यावर नाव, हजेरी क्रमांक, विषय, मार्गदर्शकांचं नाव हवं. आमच्याकडे मुलं नुसती फाईल पाठवतात आणि आम्ही शोधत बसतो कोणाची ती. आभार पहिल्या परिच्छेदातच हवेत, तुम्ही ते केलंय हे छान.

---

कोरीपाटी

सर, ही कॉलेजची नाही हो, नोकरीसाठीची आहे. मुलाखतीआधी देतात ती.

---

ठोकताळे

माझ्या मते १४ मधली १० सरळ उडवा. उदाहरणार्थ रिकामे ग्राहक क्रमांक. पांडाजमध्ये `groupby` केलं की क्रमांक रिकामा असलेल्या ओळी आपोआप गळतात, त्यात गृहीत धरण्यासारखं काही नाही. दुबार ओळी तर सगळेच काढतात. तपासणाऱ्याला वेळ नसतो. "डेटा स्वच्छ केला" एवढं एक वाक्य पुरे.

---

खोडरबर

अशा असाइनमेंट गेली काही वर्षं मी तपासतोय, त्यामुळे टेबलाच्या पलीकडून बोलतो.

१४ आकडा जास्त आहे हे ठोकताळे यांचं म्हणणं बरोबर. पण कुठली काढायची हे सांगताना त्यांनी नेमकी ठेवायची ती काढली. माझी कसोटी साधी आहे: हे गृहीतक उलटं केलं तर उत्तर हलतं का? हलत असेल तर ते मेलमध्ये हवं, आणि किती हलतं तेही हवं. हलत नसेल तर रीडमीमध्ये टाका, ज्याला हवं तो वाचेल. रक्कम कुठल्या चलनात आहे यावर तुमच्या प्रश्नाचं उत्तर अवलंबूनच नाही, कारण तुम्ही ऑर्डर मोजताय, पैसे नाही. ते गेलं.

रिकाम्या क्रमांकांचं म्हणाल तर पांडाज गाळतं हे खरं, आणि लिहायचं कारणही तेच. कुणी न ठरवता झालेली ती निवड आहे. तपासणारा हेच एसक्यूएलमध्ये करत असेल तर तिथे `GROUP BY` सगळ्या रिकाम्या क्रमांकांचा मिळून एक गट करतो. म्हणजे शेकडो ऑर्डर करणारा एक महाग्राहक तयार होतो. त्याने टक्केवारी जवळजवळ हलत नाही, पण ग्राहकांची एकूण संख्या एकाने जास्त येते. मग तो तुमचा आणि स्वतःचा आकडा घेऊन कोण चुकलं ते शोधत बसतो. पांडाजमध्येही असं लिहिलं तर तसंच होईल:

```
df.groupby("customer_id", dropna=False)
```

आता तुमचं नववं गृहीतक. सगळ्या मेलमध्ये मोलाचं तेवढंच आहे, आणि ते नवव्या नंबरावर चलनाखाली दबून बसलंय! डिसेंबरमध्ये पहिल्यांदा आलेल्या ग्राहकाला परत यायला ९० दिवस मिळालेच नाहीत. त्याला "परत आला नाही" म्हणणं म्हणजे परीक्षा व्हायच्या आधीच नापास करणं. तुम्ही हे ओळखलंत. बरेच जण ओळखत नाहीत. पण त्यांना धरलं असतं तर उत्तर किती आलं असतं? आणि दुबार ओळी काढल्या नसत्या तर? हे दोन आकडे काढून इथे टाका, मग मेलचं बघू.

---

मधलीसुट्टी

माझा किस्सा सांगते. मी फ्रंट-एंडची असाइनमेंट झिप करून मेलला जोडली आणि निवांत झोपले. सकाळी बघते तर मेल गेलाच नव्हता. जीमेल `.js` फाईल झिपमध्ये असली तरी अडवतं, हे तेव्हा कळलं. वर `node_modules` सकट झिप केलं होतं, म्हणजे २५ एमबीची मर्यादाही केव्हाच ओलांडली होती. गृहीतकं राहू द्या बाजूला, आधी फाईल पोचते का ते बघा.

---

खोडरबर

हे अगदी खरं. मी त्यात दोन गोष्टी जोडतो. गिटहबवर खाजगी रेपो असेल तर नुसती लिंक देऊन समोरच्याला ४०४ दिसतं, त्याला कोलॅबोरेटर म्हणून आमंत्रण द्यावं लागतं, आणि ते आमंत्रण ७ दिवसांत संपतं. तपासायला आठ दिवस लागले की पुन्हा मेलामेली. म्हणून मी म्हणेन रेपोही द्या आणि झिपही जोडा. झिप हाताने न करता अशी करा, म्हणजे गिटमध्ये नोंद असलेल्या फाईलीच त्यात जातात, आजूबाजूचा कचरा जात नाही:

```
git archive --format=zip -o assignment.zip HEAD
```

मग ती झिप वेगळ्याच फोल्डरमध्ये उघडून कोड सुरुवातीपासून चालवून बघा. नोटबुकमध्ये फाईलचा पत्ता तुमच्या लॅपटॉपवरच्या फोल्डरचा लिहिलेला असतो आणि तो दुसऱ्या कुणाकडेच चालत नाही. माझ्याकडे येणाऱ्या असाइनमेंट बहुतेक वेळा इथेच पहिल्यांदा अडखळतात.

---

कोरीपाटी

खोडरबर, आकडे काढले. मलाच धक्का बसला.

दुबार ओळी ३१२ निघाल्या, त्या काढून १७,९२८ ऑर्डर उरल्या. त्यातल्या १,४०६ ऑर्डरना ग्राहक क्रमांक नाही. बाकीच्यांत ९,६०० ग्राहक आहेत.

२ ऑक्टोबरपर्यंत पहिली ऑर्डर केलेले, म्हणजे ज्यांना पूर्ण ९० दिवस मिळाले असे ७,२०० ग्राहक. त्यातले २,०१६ परत आले, म्हणून २८ टक्के. ३ ऑक्टोबरपासून पुढे आलेले २,४००, त्यातले आतापर्यंत २८८ परत आलेत. त्यांना धरलं तर ९,६०० पैकी २,३०४, म्हणजे २४ टक्के. चार टक्क्यांचा फरक!

आणि दुबार ओळी ठेवल्या तर त्याच ७,२०० मध्ये २,१६० जण "परत आलेले" दिसतात, म्हणजे ३० टक्के. एकदाच ऑर्डर केलेल्याची ओळ दोनदा आली की तो त्याच दिवशी परत आला असं मोजलं जातंय.

---

ठोकताळे

बरं, दुबार ओळींवरचा माझा शब्द मागे घेतो. पण एक शंका. त्या ३१२ दुबारच कशावरून? एका ऑर्डरमध्ये दोन वस्तू असतील तर ऑर्डर क्रमांक दोनदा येणारच. ऑर्डर क्रमांकावर `drop_duplicates` मारलं की खऱ्या ओळीही जातात.

---

कोरीपाटी

चांगली शंका. बघितलं. ३१२ पैकी २९७ ओळी सगळ्या रकान्यांत तंतोतंत सारख्या आहेत, वेळेच्या सेकंदासकट. १५ ओळींत फक्त रक्कम वेगळी आहे. त्या कदाचित तुम्ही म्हणता तशा असतील. पण मी ऑर्डर मोजतेय, त्यामुळे एक क्रमांक म्हणजे एकच ऑर्डर, दोन्ही बाबतीत.

---

खोडरबर

बरोबर. म्हणून मेलमध्ये "दुबार ओळी काढल्या" असं लिहू नका, "एक ऑर्डर क्रमांक म्हणजे एक ऑर्डर धरली" असं लिहा. पहिलं वाक्य काय केलं ते सांगतं, दुसरं काय मानलं ते. आणि त्या १५ ओळी रीडमीमध्ये.

आता एक खोड काढतो. फाईल १ जानेवारीला सुरू होते. जानेवारीत दिसलेली "पहिली ऑर्डर" खरंच पहिली आहे का? आदल्या वर्षी पाच वेळा येऊन गेलेला जुना ग्राहक तुमच्या फाईलीत नवा म्हणून उगवतो, आणि जुना ग्राहक परत येण्याची शक्यता जास्त. शेवटाकडून तुम्ही कात्री लावलीत, सुरुवातीचं काय? महिन्यावार आकडे काढून बघा. तसं असेल तर सुरुवातीचे महिने वर चढलेले दिसतील आणि पुढे आकडा खाली येऊन स्थिरावेल.

---

तिरपागडा

मी जरा वेगळं विचारतो. हे सगळे प्रश्न त्या कंपनीलाच का नाही विचारले? असाइनमेंट मिळाल्याच्या दिवशी एक मेल टाकायचा. गृहीत धरण्यापेक्षा विचारणं केव्हाही बरं.

---

कोरीपाटी

विचारलं होतं. रिकामा ग्राहक क्रमांक म्हणजे पाहुणा म्हणून केलेली खरेदी का, आणि रद्द ऑर्डर फाईलीत आहेत का, असे दोन प्रश्न. उत्तर आलं, "तुम्हाला योग्य वाटेल ते धरा आणि लिहा."

---

खोडरबर

हे नेहमीचं उत्तर आहे. विचारलंत ते चांगलंच केलंत. पुढच्या वेळी प्रश्नासोबतच लिहायचं की "उत्तर येईपर्यंत मी असं धरून पुढे जाते". मग उत्तर आलं नाही तरी काम अडत नाही.

---

कोरीपाटी

महिन्यावार काढलं. खोडरबर, तुमचा संशय खरा निघाला. जानेवारी ३४ टक्के, मग उतरत उतरत एप्रिलपासून २६ च्या आसपास. पहिल्या तीन महिन्यांतले २,८०० ग्राहक आहेत, त्यातले ८७२ परत आले, म्हणजे ३१ टक्के. ते सोडले तर ४,४०० पैकी १,१४४, बरोबर २६ टक्के.

आता २८ लिहू की २६?

---

तिरपागडा

अर्थात २६! तुम्हाला माहीत आहे की पहिले तीन महिने दूषित आहेत. मग २८ ठळक छापणं म्हणजे डोळ्यांवर कातडं ओढणं.

---

खोडरबर

मला तितकी खात्री नाही. आकडा उतरतोय हे जुन्या ग्राहकांमुळे असू शकतं, तसं हंगामामुळेही असू शकतं. वर्षाच्या सुरुवातीला सवलती असतील आणि लोक खरंच जास्त परत येत असतील. एका वर्षाच्या फाईलवरून दोन्ही वेगळं करता येत नाही. शेवटच्या ९० दिवसांचं तसं नाही. तिथे मुदत पूर्ण झालीच नाही हे कॅलेंडरवरून सिद्ध होतं. म्हणून शेवटची कात्री हे गृहीतक, आणि सुरुवातीचं दुखणं ही मर्यादा. गृहीतक म्हणजे तुम्ही निवडलेला रस्ता, दुसराही निवडता आला असता. मर्यादा म्हणजे या फाईलीतून सुटूच न शकणारी गोष्ट. मेलमध्ये दोन्ही एकाच यादीत कोंबू नका.

पाहुण्यांच्या १,४०६ ऑर्डरही मर्यादेतच घाला. त्या जवळजवळ ८ टक्के आहेत. ओळखीच्या ग्राहकाने दुसरी खरेदी पाहुणा म्हणून केली असेल तर तुमचा आकडा कमी आलाय. पाहुणे एकदाच येणारे असतील तर जास्त आलाय. कुठल्या बाजूला झुकलाय ते सांगता येत नाही, तेच लिहा.

---

तिरपागडा

तरी मी २६ च लिहिलं असतं.

---

मधलीसुट्टी

मला एक सांगा, किती तास लागले ते लिहायचं का? मला दिलेल्या कामाला "४ तास पुरेत" म्हटलं होतं आणि मला अकरा लागले. मी गप्प बसले.

---

कोरीपाटी

मलाही तेच. ४ सांगितले होते, ९ लागले. त्यात तुमच्याशी चर्चा धरलेली नाही :)

---

खोडरबर

विचारलं असेल तर खरं लिहा. आम्हाला दिसतं. चार तासांत बारा आलेख आणि रंगीत डॅशबोर्ड होत नाही.

---

ठोकताळे

खरं लिहिलं की ९ तासवाला हळू ठरतो, आणि न लिहिणारा चलाख. विचारलं नसेल तर कशाला स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घ्यायचा? तुम्ही तपासता तेव्हा ९ वाचून मनात काहीच येत नाही असं म्हणणं असेल तर मानत नाही.

---

खोडरबर

येतं. नाही म्हणत नाही.

---

कोरीपाटी

बरं, नवा मेल. ज्या मेलमध्ये असाइनमेंट आली त्यालाच उत्तर म्हणून पाठवतेय, म्हणजे त्यांना शोधावं लागणार नाही.

> विषय: असाइनमेंट सादर: डेटा ॲनालिस्ट (माझं नाव)
>
> नमस्कार,
>
> आपण दिलेली असाइनमेंट सोबत पाठवत आहे.
>
> उत्तर: पहिल्या ऑर्डरनंतर ९० दिवसांत २८ टक्के ग्राहक पुन्हा ऑर्डर करतात (७,२०० पैकी २,०१६).
>
> पद्धत: प्रत्येक ग्राहकाची फाईलमधली पहिली ऑर्डर घेतली आणि तिच्यानंतर ९० दिवसांच्या आत वेगळ्या क्रमांकाची ऑर्डर आहे का ते पाहिलं.
>
> उत्तर बदलू शकणारी दोन गृहीतकं: (१) ३ ऑक्टोबरपासून पुढे पहिल्यांदा आलेले २,४०० ग्राहक वगळले, कारण त्यांचे ९० दिवस फाईलमध्ये पूर्ण होत नाहीत. त्यांना धरल्यास प्रमाण २४ टक्के येतं. (२) एक ऑर्डर क्रमांक म्हणजे एक ऑर्डर धरली. ३१२ ओळींत क्रमांक पुन्हा आला आहे. त्या वेगळ्या धरल्यास प्रमाण ३० टक्के दिसतं.
>
> मर्यादा: फाईल १ जानेवारीपासून आहे, त्यामुळे सुरुवातीच्या महिन्यांत जुने ग्राहक नवे म्हणून मोजले गेले असण्याची शक्यता आहे. पहिले तीन महिने सोडल्यास प्रमाण २६ टक्के येतं. मात्र हा फरक हंगामामुळेही असू शकतो. तसंच ग्राहक क्रमांक नसलेल्या १,४०६ ऑर्डर कोणाच्या हे कळत नसल्याने त्या मोजणीत नाहीत.
>
> सोबत: दोन पानी पीडीएफ आणि कोडची झिप. रेपोचं आमंत्रण वेगळं पाठवलं आहे. कोड कसा चालवायचा आणि बाकीची बारीक गृहीतकं रीडमीमध्ये आहेत.

तासांचं लिहिलं नाही. विचारलं नव्हतं.

---

खोडरबर

मी तपासत असतो तर या मेलनंतर पीडीएफ उघडण्याआधीच प्रश्न लिहायला घेतले असते. म्हणजे चांगल्या अर्थाने. फक्त "रद्द ऑर्डर" राहिल्या. फाईलीत त्या वेगळ्या ओळखता येत नाहीत ना? मग मर्यादेत अर्धं वाक्य टाका. तुम्ही आधी विचारलंही होतं, त्यांना आठवेल.

---

कोरीपाटी

टाकलं. झिप दुसऱ्या फोल्डरमध्ये चालवली तेव्हा कळलं की डेटा फाईलच त्यात नव्हती, मी ती गिटमध्ये कधी घातलीच नव्हती. फाईल त्यांच्याकडे आहेच, म्हणून कुठे ठेवायची ते रीडमीमध्ये लिहिलं. रात्री ९ ला पाठवला.

---

शाळामास्तर

मेल छान झालाय. पण आभार अजिबातच नाहीत का?

---

कोरीपाटी

सर, शेवटी एक ओळ घातली होती, इथे टाकायची राहिली.

---

कोरीपाटी

अपडेट: पुढच्या फेरीचा कॉल झाला. पहिलाच प्रश्न, "२८ ठेवून २६ खाली का लिहिलंत?" मी हंगामाचं सांगितलं. त्यांनी विचारलं, हंगाम की जुने ग्राहक हे ठरवायला आणखी काय मागाल? मी म्हटलं आदल्या वर्षाची फाईल. ते "हं" म्हणाले आणि पुढच्या प्रश्नावर गेले. निकाल अजून नाही.

---

तिरपागडा

मी म्हटलं होतं.

---

खोडरबर

आदल्या वर्षाची फाईल कशाला? प्रत्येक ग्राहकाची खातं उघडल्याची तारीख मागितली असती तरी जुना-नवा कळला असता, आणि ती एका रकान्यात मिळते. अर्थात पाहुण्यांचं कोडं त्यानेही सुटत नाही.